आधी ‘म्हणला तो’ काढा

प्रश्न: आमच्या ग्रुपमधला एक दोस्त सारखे जोक मारतो, पण कोणी हसत नाही. पुढच्या महिन्यात बहिणीच्या हळदीत माईक मीच घेणार म्हणतोय. त्याचं मन न दुखवता खरं कसं सांगू? (परभणी)

‘तुला जोक जमत नाहीत’ हे वाक्य बोलूच नका. ते खरं असेलच असं नाही, आणि असलं तरी ते ऐकून त्याने करायचं काय? त्याचा एकच जोक घ्या आणि तो नेमका कुठल्या शब्दापाशी पडला तेवढं सांगा. ते कमी लागतं आणि उद्याच्या उद्या दुरुस्त करता येतं.

पण आधी ते तुम्हाला दिसलं पाहिजे. पुढच्या दोन-तीन वेळा तो बोलत असताना त्याच्याकडे बघू नका, ऐकणाऱ्यांकडे बघा. शेवट यायच्या आधीच लोक मोबाईल काढत असतील, तर सुरुवात लांबतेय. शेवट झाल्यावर सगळे ‘मग?’ अशा तोंडाने बघत राहिले, तर शेवट झाला हे कळलंच नाही. त्याने समजावून सांगितल्यावर कोणी ‘हां हां’ केलं, तर कल्पना बरी आहे, मांडणी चुकतेय. आणि बाकीचे हसले पण एकाचंच तोंड उतरलं, तर दुखणं वेगळं आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

टपरीवर पडणारे बरेचसे जोक माझ्या मते मधल्या दोन कारणांनी पडतात, आणि त्यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘असं तो म्हणला’ हेही शेवटीच येतं. म्हणजे ज्या शब्दावर हसू फुटायचं, तो वाक्याच्या मध्येच सापडतो आणि त्याच्यामागे शेपूट वळवळत राहतं. उदाहरणार्थ, समजा तुमचा दोस्त हे असं सांगतोय:

“एक माणूस असतो, आपल्या इकडचाच, जिंतूरचा का सेलूचा असंल, तर त्याला पोरगी असते लग्नाची, तर तो लातूरला जातो स्थळ बघायला, सगळं बघतो, घरबीर, शेतीबिती, चहापोहे होतात, मग तो विचारतो की नळाला पाणी कधी येतं, तर ते म्हणतात आठ दिवसाला येतं, तर मग पोरगीपण आठ दिवसालाच नांदायला येईल म्हणला तो त्याला, म्हणजे पाणी आठ दिवसाला येतं ना, म्हणून.”

जोक मेलेला नाही, गाडला गेलाय. हसू ‘आठ दिवसालाच’ या शब्दात आहे, आणि त्याच्यानंतर अजून बारा शब्द आहेत. ज्याला हसू येत होतं तोही गप्प बसतो, कारण समोरचा अजून बोलतोय. आता हेच असं ऐका:

“जिंतूरचा एकजण लातूरला पोरीसाठी स्थळ बघायला गेला. चहा झाला. विचारलं, ‘नळाला पाणी कितव्या दिवशी येतं?’ ‘आठव्या.’ ‘बरं. मग पोरगीबी नांदायला येईल, आठव्या दिवशी.’”

सत्तावन्न शब्दांचे तेवीस झाले. ‘म्हणला तो’ गेलं, कारण कोण बोलतंय ते आवाजावरून कळतं. फारच गोंधळ होत असेल तर ‘तो म्हणतो’ आधी घ्यायचं. क्रियापद अलीकडे आलं आणि ‘आठव्या दिवशी’ अगदी शेवटी गेलं. लिहिताना ही रचना जरा खटकेल, बोलताना आपण सगळेच असं बोलतो. जिंतूर मात्र ठेवलं. गावाचं नाव असलं की माणूस डोळ्यापुढं उभा राहतो, पण ‘का सेलूचा’ म्हटलं की लोक त्या ‘का’मध्ये अडकतात.

शेवटचं ते ‘म्हणजे पाणी आठ दिवसाला येतं ना’ कुठून येतं, हे समजून घ्या, कारण तुमचं बोलणं तिथंच नाजूक आहे. ते शांततेच्या भीतीतून येतं. ऐकणाऱ्याला दुवा जुळवायला क्षणभर लागतो. तेवढं थांबणं बोलणाऱ्याला फार लांब वाटतं, म्हणून तो लगेच समजावायला लागतो आणि हसण्याची जागा स्वतःच भरून टाकतो. उपाय साधा आहे: शेवटचा शब्द बोलला की तोंड बंद, मनात एक-दोन मोजायचं. कोणी हसलं नाही तर तसंच पुढच्या विषयावर जायचं.

आता सांगायचं कसं. त्याच रात्री नको, सगळ्यांसमोर नको, व्हाट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोघंच असताना, चालता चालता बोललेलं बरं. ‘राग मानू नको हं’ अशी सुरुवात करू नका; ते ऐकूनच माणूस सावध होतो. असं काहीतरी बोला:

“परवाच्या त्या नळाच्या जोकबद्दल एक बोलायचंय. आत्ता बोलू का?”
“बोल की.”
“जोक चांगलाय. पण लोकांनी हसायच्या आतच तू समजावून सांगायलास.”
“मग काय करू? कोणी हसतच नव्हतं!”
“थांबला असतास तर हसले असते. परत सांग बरं मला, पण ‘आठव्या दिवशी’वर संपव.”

‘जोक चांगलाय’ हे खरं असेल तरच म्हणा. नसेल तर जे खरंच चांगलं आहे ते सांगा, उदाहरणार्थ त्याला माणसांच्या नकला जमतात. काहीच सापडलं नाही तर ते वाक्य सोडून द्या. खोटी स्तुती दोस्त लगेच ओळखतो. एका वेळी एकच चूक काढा. आणि तो थेट विचारेल, “म्हणजे मी बोर मारतो का?” तेव्हा टाळाटाळ करू नका. “हो, परवा तीन जोक पडले. दोन लांबले म्हणून, एक सगळ्यांनी फॉरवर्डमध्ये वाचलेला होता म्हणून.” एवढं नेमकं सांगितलं की टोमणा वाटत नाही.

तुमच्या बाजूनेही एक गोष्ट बदला. आजवर तुम्ही त्याला बरं वाटावं म्हणून हसत आला असाल, तर ते थांबवा. त्या खोट्या हसण्यामुळेच पडलेला जोक चालला असं त्याला वाटतं.

उतरलेल्या तोंडाचं मात्र गोड करून सांगू नका. कोणाच्या रंगावर, टकलावर, जातीवर, मोडलेल्या लग्नावर जोक असेल तर शब्दांची जागा बदलून काही होत नाही. “हा हळदीत नको, नवरदेवाकडचे पाहुणे असतील” असं सरळ म्हणा, आणि आधीच म्हणा.

हळदीसाठी त्याला तीनच जोक निवडायला लावा. ते मोबाईलवर रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवा. शेपूट कुठं लागतंय ते त्याला तुमच्या आधी सापडेल. मग कधीच न ऐकलेल्या दोघांना ऐकवून बघा आणि ज्याला दोघंही हसले नाहीत तो काढून टाका. जेवणाच्या पंगती सुरू असताना माईक घ्यायचा नाही, वाढप्यांच्या गडबडीत शेवटचा शब्द कोणाच्याच कानावर पडत नाही. त्या दिवशी तुम्ही त्याला दिसेल असे समोर उभे राहा आणि एक खूण ठरवून ठेवा: तुम्ही कान धरला की त्याने चालू जोक संपवून डीजेवाल्याला गाणं लावायला सांगायचं.