'पायआरएनए'तला पाय आणि गप्प बसवलेली जनुकं

प्रश्न : एका मराठी लेखात 'जीन सायलेन्सिंग'साठी 'जनुक नष्ट करणे' आणि 'लाँग नॉनकोडिंग आरएनए'साठी 'दीर्घ निरर्थक आरएनए' असं वाचलं. हे बरोबर आहे का? आणि 'पायआरएनए'तला पाय म्हणजे गणितातला पाय का?

आधी पाय घेऊ, कारण बाकीची उत्तरं त्याच्याच मागोमाग येतात. गणिताशी त्याचा संबंध नाही. 'पीवी' नावाच्या प्रथिनाला धरून काम करणारा आरएनए म्हणून पीवीची पहिली दोन रोमन अक्षरं घेतली. उच्चार तेवढा 'पाय' असा रूढ झाला. पीवी हे मुळात फळमाशीच्या, म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटाच्या, एका जनुकाचं नाव. ते बिघडलं की नराची वृषणं दुबळी राहतात. हा बिघाड 'पी-एलिमेंट' नावाचा डीएनएचा तुकडा मध्येच घुसल्यामुळे झाला होता. 'पी-एलिमेंटमुळे दुबळं झालेलं वृषण' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची अक्षरं जुळवून 'पीवी' झालं.

पी-एलिमेंट हा ट्रान्सपोझॉन आहे, म्हणजे गुणसूत्रावरच्या एका जागेवरून सुटून दुसरीकडे जाऊन बसणारा तुकडा. रानातल्या फळमाश्यांमध्ये तो विसाव्या शतकात पसरला. त्याआधी पकडून प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या माश्यांमध्ये तो नसतो. आता रानातला नर आणि प्रयोगशाळेतली मादी यांची जोडी लावा आणि पिल्लं 29 अंश सेल्सिअसला वाढवा. मुलींची अंडाशयं खुरटलेली निघतात, त्या वांझ राहतात. जोडी उलटी लावा, मादी रानातली आणि नर प्रयोगशाळेतला. मुली धडधाकट! दोन्हीकडच्या मुलींच्या गुणसूत्रांमध्ये पी-एलिमेंट आहेच. फरक आईच्या अंड्यात आहे. रानातली आई अंड्यात पी-एलिमेंटविरुद्धचे पायआरएनए भरून ठेवते. प्रयोगशाळेतल्या आईकडे ते नसतात, म्हणून बापाकडून आलेला तुकडा मोकाट सुटतो.

'नष्ट करणे' का चालणार नाही, ते इथे दिसतं. धडधाकट मुलीतला तुकडा जागच्या जागी शाबूत आहे, फक्त गप्प आहे. म्हणून मी 'जनुक गप्प बसवणे' म्हणतो. गप्प बसवलेला माणूस खोलीतच असतो आणि दाब उठला की पुन्हा बोलू लागतो. जनुकाचंही तसंच आहे. 'मुस्कटदाबी' हा शब्द मला मोहात पाडतो, पण त्यात अन्यायाचा सूर आहे आणि इथे पेशी स्वतःचं रक्षण करते आहे. एक बारकावा मात्र लिहिताना सांभाळावा. पायआरएनए दोन रीतींनी काम करतात. कधी ते तुकड्यापासून निघालेली आरएनएची प्रत हेरतात आणि सोबतचं प्रथिन ती कापून टाकतं. कधी पीवी केंद्रकात जाऊन त्या जागेचा डीएनए घट्ट आवळून घ्यायला लावतं, म्हणजे प्रत निघणंच थांबतं. पहिल्या रीतीत प्रत नष्ट होते हे खरं, पण जनुक नाही. बहुधा त्या लेखकाची गफलत इथेच झाली असावी.

आता 'निरर्थक'. नॉनकोडिंग म्हणजे ज्यात प्रथिन बनवण्याचा संकेत नाही असा. अर्थ नाही असा नव्हे. फळमाशीच्या एक्स गुणसूत्रावर 'फ्लेमेन्को' नावाची जागा आहे. तिथे जुन्या, मोडक्या ट्रान्सपोझॉनांचे अवशेष दाटीवाटीने पडलेले आहेत आणि त्यांतले बहुतेक उलट्या दिशेने. तिथून निघणारा लांबलचक आरएनए एकही प्रथिन बनवत नाही. झुकिनी नावाचं प्रथिन त्याचे जेमतेम पंचवीस-तीस अक्षरांचे तुकडे पाडतं, आणि ते उलट असल्यामुळेच जिवंत ट्रान्सपोझॉनच्या प्रतीशी नेमके जुळतात. हेच पायआरएनए. फ्लेमेन्को बिघडलं की 'जिप्सी' नावाचा ट्रान्सपोझॉन जागा होतो. ज्याला निरर्थक म्हटलं, तीच शत्रूंची नोंदवही निघाली.

सगळेच दीर्घ आरएनए असे चिरले जात नाहीत. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, त्यांतल्या एकाला गप्प बसवणारा 'झिस्ट' सुमारे 19 हजार अक्षरांचा आहे आणि अखंड राहूनच तो त्या गुणसूत्रावर पसरतो. इथेही 'नष्ट' म्हणता येत नाही, कारण बीजांड तयार करणाऱ्या पेशींत ते गुणसूत्र पुन्हा बोलतं होतं.

तेव्हा लेखात पहिल्यांदा 'प्रथिनसंकेत नसलेला दीर्घ आरएनए' असं पूर्ण लिहावं आणि पुढे 'असंकेती आरएनए'. 'असांकेतिक' टाळावं, कारण 'सांकेतिक' म्हटलं की आपल्याला खुणेची, गुप्त भाषा आठवते. 'पायआरएनए' मात्र जोडूनच लिहा. तोडून 'पाय आरएनए' लिहिलं की वाचणारा अडखळतो.