चिनी नववर्ष कोणत्या अमावास्येला?

प्रश्न: चिनी नववर्षाची तारीख दरवर्षी बदलते, ती ठरते कशी?

बहुतेक वर्षी, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसानंतरच्या (२१-२२ डिसेंबर) दुसऱ्या अमावास्येला. कारण, ज्या चांद्रमासात हा दिवस येतो तो अकरावा महिना, असा नियमच आहे. मग बारावा, आणि त्यानंतर नवं वर्ष. आपल्या पाडव्यासारखं इथे सूर्योदयाला कोणती तिथी हे बघत नाहीत. अमावास्येचा नेमका क्षण ज्या तारखेत पडतो, तीच महिन्याची पहिली तारीख.

म्हणून घड्याळ महत्त्वाचं ठरतं. १९८४ साली अयनबिंदूचा, म्हणजे ज्यावरून सर्वांत लहान दिवस ठरतो तो, क्षण बीजिंगमध्ये २२ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर २३ मिनिटांनी आला. याच नियमाने पंचांग चालवणाऱ्या व्हिएतनामचं घड्याळ एक तास मागे, त्यामुळे तिथे अजून २१ तारीखच होती. अमावास्या दोन्हीकडे २२ला. चीनमध्ये त्या दिवशी अकरावा महिना लागला, व्हिएतनाममध्ये थेट बारावा. परिणामी १९८५चं नववर्ष व्हिएतनामने २१ जानेवारीला, तर चीनने २० फेब्रुवारीला साजरं केलं!

फक्त अकराव्या किंवा बाराव्या महिन्यानंतर अधिक महिना आला, तर तिसरी अमावास्या धरतात. २०३४मध्ये तसंच आहे, नववर्ष १९ फेब्रुवारीला.