लघवीची नळी घरी सांभाळताना: वाचकांचे प्रश्न

वडील ७९ वर्षांचे आहेत, नळी लावून महिना झाला. रात्री अकराला पिशवी रिकामी केली आणि सकाळी सहाला पाहिलं तर जेमतेम ४० मिली. वडील तळमळत होते, चादरही ओली होती. अशा वेळी आधी काय बघायचं? (पंचवटी)

आधी हिशेब करा. साधारण ६० किलो वजनाच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला हवी, म्हणजे सात तासांत २०० मिलीच्या आसपास. ४० मिली फारच कमी. आता प्रश्न एवढाच, की लघवी तयारच झाली नाही, की तयार झाली आणि बाहेर आली नाही? चादर ओली आहे आणि वडील तळमळत आहेत, म्हणजे दुसरी शक्यता मोठी. बेंबीच्या खाली हलक्या हाताने दाबून बघा. तिथे घट्ट, फुगल्यासारखं लागलं आणि दाबल्यावर दुखलं, तर मूत्राशय भरलेलं आहे. पोट मऊ आहे, त्रास नाही, पिशवीतली लघवी मात्र गडद, तर पाणी कमी पडलंय किंवा मूत्रपिंडाचा प्रश्न आहे. तेही त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.

मग पिशवीपासून वरपर्यंत नळी हाताने चाचपत जा. खालचा नळ बंद आहे ना, पिशवी काठोकाठ भरली नाही ना, ती गादीच्या पातळीवर टांगलेली नाही ना, हे पाहा. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकायला नको. बरेचदा चूक असते ती मधल्या लांब नळीची. ती पलंगाच्या कडेवरून खाली झुलते आणि पुन्हा वर चढून पिशवीत जाते. त्या झोळात लघवी साचते आणि मागची लघवी पुढे सरकत नाही. नळी सरळ उताराने खाली येईल अशी लावली की कधी कधी दोन मिनिटांत वाहायला लागते. शेवटी मांडीखाली दबलेली किंवा पायजम्याच्या नाडीत अडकलेली जागा शोधा आणि वडिलांना कुशीवर वळवा.

एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे पोट साफ आहे का? तीन-चार दिवस शौचाला झालं नसेल तर कडक मळ बाजूने दाब देतो. नळी चांगली असूनही लघवी अडते किंवा कडेने गळते.

एवढं करून अर्ध्या तासात काही आलं नाही आणि पोट घट्टच असेल, तर थांबू नका. नळी बदलण्यासाठी सिस्टर किंवा ब्रदरना बोलवा, नाहीतर दवाखान्यात न्या. घरी सिरिंजने पाणी मारू नका. धुवायचीच वेळ आली तर शिकलेल्या माणसाने निर्जंतुक सलाईनने, जोर न लावता धुवायची असते. नळी ओढूनही काढू नका. आत साधारण १० मिली पाण्याने फुगवलेला फुगा असतो. तो तसाच खेचला तर मूत्रमार्ग फाटून रक्तस्राव होतो.

आईची नळी दर १५-२० दिवसांनी तुंबते. सिस्टर म्हणतात खडे होतात. पाणी कमी पितेय म्हणून का? (सिडको)

पाणी कमी पिणं त्यात भर घालतं, पण मूळ कारण बहुधा जंतू. काही जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतात. लघवी आम्लारीधर्मी होते आणि तिच्यातले क्षार नळीच्या टोकाशी, फुग्यावर आणि आतल्या पोकळीत जमतात. पुढच्या वेळी काढलेली नळी सिस्टरना उजेडात धरायला सांगा. टोकाला पांढुरका थर असेल आणि ग्लोव्हज घातलेल्या बोटांत वाळूसारखा करकरला, तर हेच कारण.

यावर सगळ्यात उपयोगी पडते ती वही. प्रत्येक नळी घातल्याची आणि तुंबल्याची तारीख लिहा. समजा, तीन नळ्या १९, १७ आणि १८ दिवस टिकल्या. मग अठराव्या दिवसाची वाट न बघता साधारण चौदाव्या-पंधराव्या दिवशी ठरवून बदलायची. मध्यरात्रीची धावपळ टळते. नळी पूर्ण सिलिकॉनची घेता येईल का, हेही डॉक्टरांना विचारा. तिची आतली पोकळी रुंद असते. मुदत मात्र त्या नळीवर आणि रुग्णावर ठरते, आणि वारंवार खडे होणाऱ्या माणसाला पाकिटावरचे १२ आठवडे मिळत नाहीत.

पाणी दिवसभरात दीड ते दोन लिटर, थोडं थोडं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी दिलेलं माप पाळा. आपल्याकडे मे महिन्यात सगळे सावध असतात. थंडीत मात्र म्हातारी माणसं पाण्याला हात लावत नाहीत आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. तेव्हा कोमट पाणी, पेज, सूप, असं काहीही चालेल.

लघवीला वास येतो, गढूळ दिसते. जावई म्हणतात लगेच अँटिबायोटिक सुरू करा. आणि रोज डेटॉलने पुसायचं का? (नाशिकरोड)

फक्त वासावर किंवा गढूळपणावर अँटिबायोटिक नको. नळी महिनाभर राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतातच. तपासणीत जंतू सापडणं आणि माणूस त्यांच्यामुळे आजारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उगाच औषध दिलं की नेमके औषधाला न जुमानणारे जंतू उरतात.

नजर ठेवायची ती माणसावर. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर, हुडहुडी, कमरेच्या वरच्या बाजूला दुखणं, ओटीपोटात नव्याने दुखणं, लघवीतून रक्त. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वयस्कर माणसात ताप नसतानाही हे दिसू शकतं: काल नीट बोलणारा माणूस आज भलतंच बोलतोय, जेवत नाही, झोपेतून उठवावं लागतंय. असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वास भराभर चाललाय, अंग थंडगार आणि घामाने ओलं, माणूस गुंगीत, तर १०८ ला फोन करा. कल्चरचा नमुना मात्र पिशवीतला देऊ नका. नळी बरेच दिवसांची असेल तर ती बदलून नव्या नळीतून घेतलेला नमुनाच खरं सांगतो.

डेटॉल, बीटाडीन, पावडर, यांतलं काही नको. त्वचा सोलवटते. आधी हात साबणाने धुवा, मग दिवसातून दोनदा आणि शौचानंतर प्रत्येक वेळी साधा साबण आणि स्वच्छ पाणी. नळी शरीरात शिरते त्या ठिकाणी बोटांत घट्ट धरून, पुसणं शरीरापासून बाहेरच्या दिशेनं, परत मागे नाही. बायकांमध्ये पुढून मागे. पुरुषांमध्ये पुढची कातडी मागे घेऊन धुवायची आणि संपल्यावर न चुकता पुढे आणायची. ती मागेच राहिली तर टोक सुजतं आणि तातडीने दवाखाना गाठावा लागतो. नळी मांडीला पट्टीने थोडी सैल ठेवून बांधा, म्हणजे कूस बदलताना ताण पडत नाही.

पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा आणि खालच्या नळाचं टोक भांड्याला टेकू देऊ नका. पिशवी आठवड्याने बदला. नळी आणि पिशवीचा जोड तेवढ्यापुरताच उघडायचा, एरवी नाही. तिथूनच जंतू आत जायला वाट मिळते.

आजीची पिशवी अचानक जांभळी झाली. घाबरून गेलो. (सिन्नर)

हे बद्धकोष्ठता असलेल्या, नळी असलेल्या वयस्कर बायकांमध्ये दिसतं. आतड्यात अन्नातल्या एका घटकापासून बनलेला पदार्थ लघवीत उतरतो, आणि लघवीतले जंतू त्याचे निळे-लाल रंग बनवतात. ते प्लास्टिकवर बसतात. आजी बऱ्या असतील तर धावपळ नको. डॉक्टरांना कळवा, नळी आणि पिशवी बदलून घ्या, बद्धकोष्ठतेवर उपाय करा. मात्र ताप किंवा गोंधळल्यासारखं वागणं असेल, तर रंगाकडे न बघता वर सांगितलं तसं त्याच दिवशी दाखवा.