वसतिगृहातले वाय-फाय आणि ऑनलाइन परीक्षा

वसतिगृहाच्या वाय-फायवर ऑनलाइन परीक्षा द्यायची आहे आणि डाउनलोडचा वेग चांगला आहे म्हणून तुम्ही निश्चिंत असाल, पण माझ्या पहिल्या ऑनलाइन परीक्षेपूर्वी मीही नेमकी तीच चूक केली होती. वीस मिनिटांनी कॅमेऱ्याचे चित्र गोठले आणि उत्तर जतन होताना दिसणारे चक्र फिरतच राहिले. वाय-फायच्या रेघा मात्र पूर्ण होत्या, कारण त्या फक्त राउटरपर्यंतच्या सिग्नलची ताकद दाखवतात. देखरेखीचा कॅमेरा अपलोडवर चालतो, आणि शेजारच्या खोलीतला फोन त्याच वेळी सहलीचे व्हिडिओ क्लाउडवर चढवत होता.

मी घाईने मोबाइल डेटावर गेलो, तर जोडणीचा पत्ता बदलल्यामुळे परीक्षेच्या प्रणालीने मलाच बाहेर काढले. पर्यवेक्षकांनी पुन्हा प्रवेश देईपर्यंत चार मिनिटे गेली. आधी जतन झालेली उत्तरे सुदैवाने शाबूत होती.

म्हणून आदल्या दिवशी, परीक्षेच्याच वेळेला, दहा मिनिटे ही आज्ञा चालवून पाहा (विंडोजवर):

```
ping -t 8.8.8.8
```

उत्तराचा वेळ 40 मिलिसेकंदांवरून वारंवार 800 पर्यंत उडत असेल, किंवा मधूनमधून उत्तरच येत नसेल, तर परीक्षा सुरुवातीपासूनच यूएसबी केबलने जोडलेल्या मोबाइल डेटावर द्या. मात्र खोलीत फोन ठेवण्याची परवानगी आधी लेखी घ्या.