आई-वडील दोघं सत्तरीच्या पुढचे, फ्लॅटमध्ये संडास एकच. भारतीय ठेवावा की कमोड बसवावा?

कमोड बसवा. इतकं ठाम बोलतोय, कारण याच प्रश्नावर आमच्या घरी चार वर्षं वाद चालला आणि तो मिटला बाबांचं मनगट मोडल्यावर.

डोंबिवलीत आमचा जुना फ्लॅट आहे, दुसरा मजला, संडास तुमच्यासारखाच एक. बाबा तेव्हा ७६ वर्षांचे होते, आई ७०. मी कमोडचं काढलं की नाशिकहून थोरल्या भावाचा फोन यायचा: "उकिडवं बसणं हा व्यायाम आहे. कमोड आणलास की बाबांचे गुडघे सहा महिन्यांत आखडतील." दादा वर्षातून दोनदा येतो, गणपतीला आणि दिवाळीला. पण थोरला तो थोरला. बाबाही त्याचंच खरं मानायचे.

मला तेव्हा एक गोष्ट दिसत होती, पण कळत नव्हती. संडासातला बादलीवरचा नळ सारखा ढिला व्हायचा. वर्षात दोनदा प्लंबर येऊन आवळून गेला. नळाच्या वर, हातभर उंचीवर, टाइलवर कायम एक मळकट पंजा उमटलेला असायचा. आई पुसायची, चार दिवसांत परत उमटायचा. बाबा नळ धरून उठत होते. सांगत मात्र नव्हते.

एका पहाटे नळ मुळापासून निघून हातात आला. पाण्याचा फवारा सुटला, बाबा मागे पडले. आतून कडी, आणि दार आत उघडणारं. कडी त्यांनी कशीबशी पायानं सरकवली, पण दाराला टेकून तेच पडलेले. जोर लावला की ते कळवळायचे. शेवटी शेजारच्या मुलानं आणि मी फायबरच्या दाराचा खालचा भाग सुरीनं कापून काढला. पाऊण तास लागला. मनगट मोडलं, खुबा वाचला.

तेव्हा समजलं की बसणं सगळ्यांनाच जमतं, खरी कसोटी उठताना असते. उकिडव्यातून उठताना अंगाचा सगळा भार पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यांवर येतो. त्यात बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उभं राहताक्षणी अंधारी येऊ शकते. व्यायामच करायचा तर हॉलमध्ये खुर्चीची पाठ धरून करावा. ओल्या फरशीवर, कडी लावून, पहाटे साडेपाचला नव्हे.

आता कामाचं सांगतो, कारण तिथेही आम्ही ठेचा खाल्ल्या.

देशी भांड्याखाली कोब्यात वेगळा ट्रॅप, म्हणजे पाइपचा वळसा, असतो. त्यात साचलेलं पाणी वास अडवतं. कमोडच्या पोटात हा वळसा मुळातच असतो. भांडं काढून जुन्या ट्रॅपवरच कमोड बसवला तर वळशावर वळसा होतो आणि मधे हवा अडकते. मग फ्लश केला की पाणी आधी वर चढतं आणि गुडगुड करत हळूहळू उतरतं. तोडफोड वाचवायला काही प्लंबर हेच करतात. आमचाही करणार होता. जुना ट्रॅप काढून सरळ चार इंची पाइप टाकायला सांगा. आणि कमोड आणण्याआधी भिंतीपासून त्या पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, पण तयार टाइलपासून. आमच्या माणसानं उघड्या विटेपासून नऊ इंच मोजले. प्लास्टर आणि टाइल मिळून दीड इंच खाल्ले गेले आणि नऊ इंची कमोडची टाकी भिंतीत घुसायला लागली. परत कोबा फोडला, पाइप सरकवला. वॉटरप्रूफिंग झाल्यावर खड्ड्यात दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. टाइल्स त्यानंतरच. सगळं मिळून आठ दिवस गेले. तेवढे दिवस आई-बाबा ताईकडे होते. तुमचाही एकच संडास आहे, तेव्हा ही सोय आधी करा.

उंचीचा घोळ वेगळाच. बाबा उंच, आई जेमतेम चार फूट दहा इंच. दुकानदार "सिनियर सिटिझन मॉडेल" म्हणून १८ इंची कमोड गळ्यात मारत होता. मी दोघांना अनवाणी खुर्चीवर बसवून जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत टेप लावला. बाबांचं माप साडेसतरा भरलं, आईचं पंधरा. अठरा इंचांवर आईचे पाय लोंबकळले असते, आणि पाय टेकले नाहीत की म्हातारं माणूस पुढे सरकतं. म्हणून सीटसकट १६ इंची कमोड घेतला आणि बाबांसाठी वरून बसवायची दोन इंच उंचीची सीट. आईच्या वेळी ती काढून ठेवायची.

आणि दांडा. दांड्याशिवाय कमोड म्हणजे अर्धंच काम. आधी आम्ही टॉवेलचा रॉड लावला होता. मी नुसता लोंबकळलो आणि स्क्रूसकट बाहेर आला, टाइलमागे पोकळ होतं. टाइलवर बोटानं टकटक करा, पोकळ आवाज आला तर तिथे लावू नका. आधारासाठीच बनवलेला एल आकाराचा स्टीलचा दांडा घ्या, विटेत खोल जाणाऱ्या बोल्टवर. आडवा भाग दाबून उठायला, उभा भाग धरून स्थिर व्हायला. जागा टेपनं ठरवू नका. माणसाला कमोडवर बसवा आणि कोपर थोडं वाकवून हात जिथे पडतो तिथे खूण करा. दार बाहेर उघडणारं करा. कडी अशी घ्या की बाहेरून नाण्यानं फिरवता येईल.

देशी भांड्यावर भोकाची खुर्ची ठेवायचा पर्यायही बरेच जण सुचवतात. बाबांच्या हाताला प्लास्टर होतं ते दीड महिना आम्ही तेच केलं. महिना-दोन महिने ठीक. पण भांड्याच्या दोन्ही बाजूंची फरशी उताराची, चारही पाय कधीच नीट टेकत नाहीत. पायांचे रबर रोज बघावे लागतात.

हो, एक राहिलं. कमोड आल्यावर आईला पहिले दोन महिने पोट साफ होत नव्हतं. उकिडवं बसल्यावर आतडं शेवटी जसं सरळ होतं, तसं खुर्चीसारखं बसल्यावर होत नाही, हे खरंच आहे. पायाखाली आठ इंची स्टूल दिलं, तक्रार थांबली. पण स्टूल फक्त तिला. बाबांच्या वेळी ते बाहेर, नाहीतर पहाटे त्यालाच अडखळायचे. तुमच्या घरात दोन संडास असते तर एक देशी ठेवा म्हटलं असतं.

यंदा गणपतीला दादानं ते स्टूल पाहिलं. "बघ, शेवटी आईला उकिडवंच बसवलंस ना!" घर पाहुण्यांनी भरलेलं, मी गप्प बसलो. तेव्हाचं उत्तर इथे देतो: दादा, तिचे पाय वर आहेत, पण बूड सोळा इंचांवर आहे, आणि उठताना तिच्या हातात दांडा आहे, नळ नाही.