'खाल्ल्याने' की 'खाणाऱ्यांमध्ये'?

प्रश्न : आमच्या मालवणात आलेल्या वर्तमानपत्रात मथळा होता, 'मासे खाल्ल्याने हृदयविकाराचा धोका निम्म्याने घटतो'. आतल्या मजकुरात मात्र नेदरलँड्समधल्या एका जुन्या अभ्यासाचा हवाला देऊन लिहिले होते की 'मासे खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले' आणि दोहोंत 'सहसंबंध' आहे. बाबा म्हणतात, दोन्ही वाक्ये एकच. मला तसे वाटत नाही, पण फरक नेमका सांगता येत नाही. तो काय आहे? आणि 'सहसंबंध' म्हणजे कारण नव्हे का?

उत्तर : दोन्ही वाक्यांचा अर्थ एक नाही, आणि फरक आपल्या व्याकरणातच उघड दिसतो. 'खाणाऱ्यांमध्ये' हा शब्द माणसांचा एक गट दाखवतो. त्या गटात काय दिसले एवढेच ते वाक्य सांगते. ते कशाने घडले यावर गप्प राहते. 'खाल्ल्याने' मध्ये गट नाहीसा होतो आणि खाण्याची कृती पुढे येते. तिला 'ने' लागला की ती कर्ती-करविती होते. 'पावसाने भिंत पडली' म्हणताना आपण पावसावर ठपका ठेवतो, तसेच इथे माशांना श्रेय दिले जाते. एका प्रत्ययाने निरीक्षणाचे रूपांतर दाव्यात झाले.

क्रियापदाकडेही पाहा. आत 'कमी आढळले' आहे, मथळ्यात 'घटतो' आहे. घटण्यासाठी आधी जास्त असावे लागते. म्हणजे एखाद्या माणसाचा धोका आधी मोजला, त्याला मासे खायला दिले, आणि मग तो उतरला, असे चित्र वाचकाच्या मनात उभे राहते. अभ्यासात तसे काही झालेलेच नव्हते.

वर्णनावरून हा अभ्यास नेदरलँड्समधल्या झुटफेन गावाचा दिसतो. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी हृदयविकार नसलेले ८५२ मध्यमवयीन पुरुष घेतले, त्यांचा आहार १९६० मध्ये नोंदवला आणि २० वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. त्या काळात ७८ जण हृदयधमन्यांच्या विकाराने गेले. रोज किमान ३० ग्रॅम मासे, म्हणजे बांगड्याची एखादी लहान तुकडी, खाणाऱ्यांमध्ये अशा मृत्यूंचे प्रमाण मासे अजिबात न खाणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी होते. मथळ्यातले 'निम्म्याने' इथून आले असावे. पण कुणी किती मासे खायचे हे संशोधकांनी ठरवले नव्हते. ज्याने त्याने आपल्या घरी, आपल्या सवयीने खाल्ले. निम्म्याचा फरक दोन वेगवेगळ्या गटांमधला आहे, एकाच माणसाच्या आधीच्या आणि नंतरच्या धोक्यातला नाही.

तुम्ही मालवणचे आहात, म्हणून हीच नोंद आपल्या किनाऱ्यावर ठेवली तर काय होईल याची कल्पना करून पाहा. रोज मासे खाणाऱ्यांच्या गटात कोण येईल? रापण, म्हणजे मोठे जाळे, किनाऱ्यावर ओढणारे, होडीवर जाणारे, भल्या पहाटे लिलावाला उभ्या राहणाऱ्या आणि मग डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्या बायका. मासा त्यांच्या हातातलाच, म्हणून ताटातही रोज. मासे क्वचित खाणाऱ्यांत बाजारपेठेत दिवसभर गल्ल्यावर बसणारे आणि कचेरीत खुर्चीवर काम करणारे जास्त भरतील. पहिल्या गटात हृदयविकार कमी दिसला तर श्रेय कुणाचे? ताटातल्या बांगड्याचे, की रापणीचा दोर ओढण्याचे? नुसत्या नोंदीवरून सांगता येणार नाही, कारण दोन्ही गोष्टी त्याच माणसांमध्ये एकत्र आलेल्या आहेत.

याच्या उलटही घडू शकते. ज्याला रक्तदाब आहे त्याला डॉक्टर खारवलेले मासे आणि सुकट बंद करायला सांगतात. काही जण मग मासेच कमी करतात. उद्या त्यांना कुणी विचारले की 'रोज खाता का?', तर ते 'नाही' म्हणतील आणि न खाणाऱ्यांच्या रकान्यात जातील. त्या रकान्यात हृदयरोगी जास्त दिसतील, पण तिथे मासे सोडल्याने आजार आलेला नसून आजारामुळे मासे सुटलेले असतील. कार्य आणि कारण यांची जागाच उलटी. झुटफेनच्या संशोधकांना हा धोका ठाऊक होता, म्हणून त्यांनी सुरुवातीलाच हृदयविकार असलेल्यांना वगळले. वय, धूम्रपान, रक्तदाब यांसारख्या गोष्टीही त्यांनी हिशेबात घेतल्या आणि तरीही फरक उरला. हे काम चोख आहे. तरीही हिशेबात तेवढेच घेता येते जेवढे मोजलेले असते. मासे खाणारा माणूस आणखी कशाकशात वेगळा होता, यातले जे कुणी विचारलेच नाही ते फरकात लपून राहते.

या स्थितीला 'सहसंबंध' म्हणतात. दोन गोष्टी सोबत वाढतात, किंवा एक वाढते तेव्हा दुसरी कमी होते, एवढीच नोंद. 'सह' म्हणजे सोबत, आणि सोबतीपलीकडे हा शब्द काही कबूल करत नाही. कारणासाठी आपल्याकडे 'कार्यकारणभाव' हा वेगळा शब्द आहे. तो न्यायशास्त्रातून, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातून, आला आहे आणि त्या शास्त्राने या घोटाळ्याचा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. कुंभाराच्या घरी मडके घडण्याआधी गाढव हजर असते, मातीही तेच वाहून आणते, तरी नैयायिक गाढवाला मडक्याचे कारण मानत नाहीत. माती दुसऱ्या कुठल्याही वाटेने आली असती तरी मडके झालेच असते. अशा सोबत असूनही कारण नसलेल्या गोष्टीला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आरोग्याच्या बातमीत मासे हे माती आहेत की गाढव, हाच प्रश्न असतो. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो आणि तो पोथ्यांमधून बाहेर काढून वर्तमानपत्रात आणायला हवा असे मनापासून वाटते.

मग 'ने' कधी लावायचा? माझी कसोटी अशी आहे. ज्या शब्दाला 'ने' किंवा 'मुळे' लावला आहे ती गोष्ट संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून वाटली होती का, हे बातमीत शोधायचे. चिठ्ठी कुणाचा पगार पाहत नाही, कुणी रापण ओढतो का ते विचारत नाही. पुरेशी माणसे असली की दोन्ही गटांत सुखवस्तू आणि गरीब, कष्टकरी आणि बैठे, विडी ओढणारे आणि न ओढणारे साधारण सारखे पडतात. जे मोजायचे राहिले तेही सारखे वाटले जाते. मग पुढे जो फरक दिसेल त्याचे श्रेय वाटलेल्या गोष्टीला देता येते. बातमीत याला 'यादृच्छिक चाचणी' किंवा 'रँडमाइज्ड ट्रायल' म्हटलेले असते. 'पाहणी', 'सर्वेक्षण', 'इतकी वर्षे निरीक्षण', 'प्रश्नावली भरून घेतली' हेच शब्द असले तर चिठ्ठ्या पडलेल्या नाहीत असे समजावे.

माशांच्या बाबतीत अशा चिठ्ठ्याही पडल्या आहेत. वेल्समध्ये हृदयाच्या झटक्यातून बरे झालेल्या २,०३३ पुरुषांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये आले. चिठ्ठीने निवडलेल्या काहींना आठवड्यातून किमान दोनदा तेलकट मासे खाण्याचा सल्ला दिला, बाकीच्यांना तो दिला नाही. दोन वर्षांत सल्ला मिळालेल्यांमध्ये एकूण मृत्यू २९ टक्क्यांनी कमी झाले. इथे 'ने' लावायचा अधिकार मिळतो, पण तो नेमका कुठे लागतो ते पाहा. चिठ्ठीने मासे वाटले नव्हते, सल्ला वाटला होता. म्हणून काटेकोर वाक्य होईल, 'झटक्यातून बरे झालेल्या पुरुषांना मासे खाण्याचा सल्ला दिल्याने दोन वर्षांतले मृत्यू घटले.' पुरुष, झटका येऊन गेलेले, दोन वर्षे, सल्ला. यातला एकही शब्द मथळ्यातून गाळला की दावा फुगतो.

आणि पुढचा भाग तर वाचायलाच हवा. त्याच मंडळींनी नंतर हृदयशूळ, म्हणजे अँजायना, असलेल्या ३,११४ पुरुषांवर तशीच मोठी चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. तेलकट माशांच्या सल्ल्याचा काही फायदा दिसला नाही; उलट ज्यांना तो सल्ला किंवा माशांच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या त्यांच्यात हृदयाच्या कारणाने येणारे अचानक मृत्यू अधिक होते. एका चाचणीने 'ने' कमावला आणि दुसऱ्या आजाराच्या माणसांत तो टिकला नाही. म्हणून कारण सिद्ध झाले तरी ते कुणाच्या बाबतीत, हे विचारायचे थांबवू नये.

आता एक बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. चिठ्ठ्या न टाकताही कारण ठरवता येते. कुणाला वीस वर्षे सिगारेट ओढायला लावणे कुणी करणार नाही, तरीही धूम्रपानामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो हे आपण निःशंक लिहितो. ब्रिटनमध्ये १९५१ पासून डॉक्टरांच्याच धूम्रपानाच्या सवयी नोंदवून त्यांच्यावर दशकानुदशके लक्ष ठेवले गेले. रोजच्या सिगारेटी जितक्या जास्त तितका कर्करोग जास्त, सोडणाऱ्यांचा धोका पुढे चालू ठेवणाऱ्यांपेक्षा कमी, आणि वेगवेगळ्या देशांतही तेच चित्र. शिवाय फरक इतका प्रचंड होता की एखाद्या लपलेल्या गोष्टीने तो सगळा समजावून सांगणे शक्य नव्हते. माशांच्या बातमीतला निम्म्याचा फरक त्या मापाच्या जवळही जात नाही.

दोष प्रत्येक वेळी वार्ताहराचा नसतो हेही लक्षात ठेवा. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रके तपासणारा एक अभ्यास २०१४ मध्ये आला. मूळ संशोधनात नुसता संबंध असताना कारण असल्याचे सुचवणारा फुगवलेला दावा सुमारे एक तृतीयांश पत्रकांतच सापडला, म्हणजे तो बातमीत उतरण्याच्या आधीच झालेला होता. मराठीत येताना त्यात आणखी एक भर पडते. मथळ्याची जागा अपुरी आणि 'ने' हा एका अक्षराचा प्रत्यय, त्यामुळे 'यांच्यात संबंध आढळला' हे लांबलचक वाक्य सहज कापले जाते. पण आपल्याकडे तितकेच आटोपशीर आणि खरे रूप हाताशी आहे, आणि तुमच्या बातमीच्या आतल्या मजकुरात ते होतेच. 'मासे खाणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी' हा मथळा तेवढ्याच जागेत बसतो.

बाबांना दाखवायला सोपी युक्ती हवी असेल तर त्याच मथळ्यात 'मासे खाल्ल्याने'च्या जागी 'रापण ओढल्याने' घालून वाचा, आणि बातमीतली माहिती तशीच ठेवा. 'रापण ओढल्याने हृदयविकाराचा धोका घटतो.' आपल्या किनाऱ्यावरची नोंद वर कल्पिल्यासारखी निघाली, तर तिच्यावरून हेही वाक्य तितक्याच ठामपणे लिहिता येईल. ज्या माहितीवर दोन वेगळी कारणे सारखीच बसतात, तिच्यावरून त्यांतल्या एकालाच 'ने' लावता येत नाही. तिथे 'खाणाऱ्यांत' असेच लिहावे लागते.