मनी उंदीर माझ्यासाठी आणते का?

"आमची मांजर अधूनमधून मेलेला उंदीर दारात आणून टाकते. सुट्टीत आलेला सात वर्षांचा नातू ते बघून रडतो. मी त्याला सांगते, अरे, ती तुझ्यासाठी खाऊ आणते. पण आता तो तिला जवळसुद्धा येऊ देत नाही. काय समजवू?" – एक आजी

आजी, आधी तो 'खाऊ' बंद करा. का, ते माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका मुलीच्या गोष्टीवरून कळेल. तिला आपण सई म्हणू.

सई पुण्याची, दुसरीत शिकणारी. आजी देवगडजवळच्या गावात. दिवाळीच्या सुट्टीत सई तिकडे गेली की मनी मांजर दिवसभर तिच्या पायांत. पण त्या वर्षी परतल्यावर ती रात्री दचकून उठायला लागली आणि फोनवर आजीने मनीचं नाव काढलं की उठून जायची. आईवडिलांना वाटलं, उंदीर बघून पोर घाबरली. मी तिला चित्र काढायला दिलं. तिने दार काढलं, दारात उंदीर, आणि दाराच्या आत स्वतःला. मनी कुठेच नाही. मी विचारलं, "मनी कुठे गेली?" ती म्हणाली, "मी तिचे लाड केले नाहीत तर ती माझ्यासाठी कुणाला मारणार नाही."

घरातल्या सगळ्यांनी तिला प्रेमाने सांगितलं होतं, मनी तुझ्यासाठी भेट आणते गं. मोठ्या माणसाला हे गोड वाटतं. सात वर्षांच्या डोक्यात त्याचा सरळ हिशोब होतो: माझ्यासाठी आणला, म्हणजे माझ्यामुळे मेला. या वयात मुलं आजूबाजूच्या वाईट गोष्टींचं कारण पटकन स्वतःकडे घेतात. मेलेला परत उठत नाही, हेही त्यांना याच सुमारास पक्कं कळायला लागतं. दोन्ही एकत्र आलं की झोप उडणारच.

फोनवर सई ऐकत नव्हती, म्हणून मी आजीला पत्र लिहायला सांगितलं. पत्र पुन्हा पुन्हा वाचता येतं आणि वाचताना मुलाला लगेच उत्तर द्यावं लागत नाही. अट एवढीच घातली की 'झोपला', 'देवाघरी गेला' असं लिहायचं नाही, 'मेला' म्हणायचं. उंदीर 'झोपला' म्हटलं की काही मुलं झोपायलाच घाबरतात. घरच्यांच्या परवानगीने त्या पत्राचा मोठा भाग देते.

"चि. सईस अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस, मनी उंदीर माझ्यासाठी आणते का? नाही गं बाळा. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून ती आणते आहे. तू पुण्याला असतेस तेव्हाही आणते. परवाच एक आणला, तेव्हा तू शाळेत होतीस.

दिवाळीत जास्त का दिसले सांगू? तेव्हा भात झोडून कणगीत भरलेलं असतं आणि खळ्यात पेंढा रचलेला असतो. उंदरांची चंगळ असते. उंदीर वाढले की मनीच्या तावडीत जास्त सापडतात.

मग ती ते दारात का ठेवते? बाहेर शेजारचा बोका असतो, कुत्री असतात. धरलेला उंदीर ते हिसकावून नेतील. आपली पडवी तिला सगळ्यात सुरक्षित वाटते, म्हणून तोंडात धरून ती इथवर येते. पण सकाळी माझ्याकडून मासे-भात खाऊन तिचं पोट भरलेलं असतं. मग ती उंदीर उंबऱ्यावर टाकते आणि चुलीपाशी जाऊन झोपते.

पोट भरलेलं असताना मारायचा कशाला, असं तू म्हणशील. मांजराची भूक वेगळी आणि शिकार वेगळी. उंदीर काही मांजराला भूक लागल्यावर समोर येत नाही. म्हणून खसखस झाली की झेप घ्यायची, हे तिच्या अंगातच आहे. तू ती अख्खी चिचुंद्री बघितलीस ना? चिचुंद्रीला घाण वास येतो, मनी ती खात नाही. तरी मारते.

गेल्या वर्षी माळ्यावर पिल्लं होती तेव्हा मात्र ती खरंच दुसऱ्यासाठी आणायची. आधी मेलेले उंदीर आणले, मग अर्धमेले, मग जिवंत. पिल्लं तशी शिकली.

उंदराला दुखतं का? हो, दुखतं. मनी मानेला चावते, तेव्हा तो बहुतेकदा लवकर मरतो. कधी ती त्याला सोडते, परत धरते. उंदीरही चावतो, म्हणून ती त्याला दमवते. ते मलाही बघवत नाही, मी आत निघून जाते. मेल्यावर मात्र त्याला काही दुखत नाही, भूक लागत नाही, आणि तो परत उठत नाही. मी त्याला माडाच्या पलीकडे खड्ड्यात पुरते.

आणि बाप्पा रागावणार नाही. त्याचा मूषक त्याच्यापाशीच आहे, हे आपल्या कणगीतले होते.

तू मनीचे लाड केलेस म्हणून एकही उंदीर जास्त मेला नाही. लाड थांबवलेस म्हणून एकही वाचला नाही."

शेवटची दोन वाक्यं आजींनी आपणहून लिहिली. मला ती सुचली नसती. सईने ते पत्र दप्तरात ठेवलं आणि काही दिवसांनी आजीला उलट प्रश्न पाठवला: बोका स्वतः उंदीर का धरत नाही? रात्रीचं दचकणं हळूहळू कमी झालं.

तुमच्या नातवाशी बोलताना आधी विचारा, "तुला काय वाटतं, ती का आणते?" त्याची भीती सईसारखीच असेल असं नाही. कुणाला मांजर आपल्यालाही मारेल असं वाटतं, कुणाला आजीआजोबांच्या मरणाची आठवण येते. उत्तर त्या भीतीला द्या. मांजराला त्याच्यासमोर मारू किंवा ओरडू नका. तिला त्यातलं काही कळत नाही आणि मूल आणखी बिथरतं.

उंदीर मुलाच्या नजरेला कमी पडावेत म्हणून थोडं करता येतं. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने 2021 मध्ये घरच्या मांजरांवर अभ्यास केला. रोज पाच-दहा मिनिटं दोरीला पीस बांधून शिकारीसारखं खेळवलं तर घरी येणारी शिकार साधारण पाव हिश्शाने कमी झाली. भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर ती तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटली. गळ्यातल्या घंटीचा फारसा उपयोग दिसला नाही. दोरीचा खेळ नातवालाच द्या. मांजराशी पुन्हा जवळीक व्हायला तो बरा. खेळ झाला की दोरी मात्र उचलून ठेवा, मांजरं ती गिळतात.

उंदीर उचलायचं काम मोठ्यांचं. हातमोजे किंवा उलटी पिशवी वापरा, जागा जंतुनाशकाने पुसा. लेप्टो उंदराच्या मुतातून पसरतो. आणि घरात उंदराचं औषध टाकत असाल तर ते आधी बंद करा. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर तेच विष तिच्याही पोटात जाऊ शकतं. काही औषधांचा परिणाम दिसायला दोन-चार दिवस लागतात: मांजर मलूल होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातोंडातून रक्त येतं. असं दिसलं तर औषधाचं पाकीट बरोबर घेऊन लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे जा, कारण कुठलं विष आहे त्यावर उपचार ठरतो.

नातवाची झोप किंवा खाणं महिनाभरात रुळावर आलं नाही, तर त्याला बालसमुपदेशकाकडे घेऊन या. येताना त्याने काढलेली चित्रं असतील तर तीही आणा.